बसने बोर्डिंग असेल तर मागची सीट बरी

मे महिन्यात आईला घेऊन नागपूरहून पुण्याला विमानाने गेलो. सोनेगाव विमानतळावर गेटवर कळलं की एरोब्रिज, म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानात नेणारा तो बंद पूल नाही, बस आहे. लाईन लागल्याबरोबर लोक असे धावले की जसं काही बस सोडून विमान निघून जाईल. पण बसमध्ये पहिला चढलेला माणूस आत पार कोपऱ्यात जातो, बस भरेपर्यंत हलत नाही, आणि विमानापाशी आधी उतरतो तो शेवटी चढून दाराला चिकटून उभा असलेला. आम्ही निवांत मागे थांबलो, आईला म्हटलं बसू दे त्यांना घामात.

आमची सीट २७ व्या रांगेत. विमानाला पुढून-मागून दोन्हीकडे शिड्या लावल्या होत्या, साधारण ३० रांगांच्या विमानात निम्म्यापुढच्या नंबरवाल्यांना मागची शिडी सांगतात. तरी काहीजण पुढूनच चढले आणि मग बॅग घेऊन उलटे मागे निघाले, सगळी वाट जाम.

खरी मजा उतरताना. पुण्यातही रिमोट स्टँडच मिळाला, म्हणजे विमान टर्मिनलपासून लांब उभं आणि पुढे बसने जायचं. सीट बेल्टचा दिवा बंद झाला की सगळे उभे होतात, पण दार लगेच उघडत नाही, शिडी आणून नीट टेकवून बाहेरचा स्टाफ इशारा देतो मगच क्रू दार उघडते. आधी पुढचं दार उघडलं, मागची शिडी जरा उशिरा आली. त्यामुळे आई कुरकुरली की "मागं काऊन बसवलं बापा मला". पण मागचं दार उघडल्यावर हिशोब बघा, आमच्या मागे फक्त ३ रांगा. हेच एरोब्रिज असतं तर बहुतेक पुढचंच दार उघडलं असतं आणि आमच्यापुढे २६ रांगा असत्या. दोन दारं असली की सगळ्यात शेवटी राहतात ते मधले, १५-१६ रांगवाले, त्यांच्या दोन्ही बाजूला १४ रांगा.

लवकर उतरून आपण लवकर बाहेर पडतो असं मात्र नाही, पहिली बस भरेपर्यंत उभीच असते. फायदा एवढाच की आईला बसायला जागा मिळाली, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेच पुष्कळ. शिडी जमतच नसेल तर व्हीलचेअर ४८ तास आधी सांगून ठेवा आणि पायऱ्या चढता येत नाहीत हेही स्पष्ट सांगा, मग रॅम्प किंवा लिफ्टवाली गाडी येते. त्यांना चढवतात आधी आणि उतरवतात शेवटी, म्हणून पुढची फ्लाईट पकडायची असेल तर वेळ जास्त धरा.

आणि एटीआर, म्हणजे ते पंख्याचं छोटं विमान असेल तर पॅसेंजरचं दार मागेच असतं, पुढून सामान चढतं. तिथे पहिल्या रांगेसाठी जास्त पैसे मोजणारा सगळ्यात शेवटी उतरतो.