एका पोस्टरला ७२, दुसऱ्याला ६५

परिषदेत विद्यार्थ्यांच्या संशोधनाच्या पोस्टरचा परीक्षक व्हायला कुणी फारसं तयार नसतं. भाषणाला बोलावलं तर फोटो निघतो, शाल मिळते. पोस्टरला गळ्यात बिल्ला, हातात पॅड आणि दोन तास उभं राहणं. कीटकशास्त्रातला माणूस हवा म्हणून मला गाठलं. चाळीस पोस्टर, दोन तास, म्हणजे एकाला तीन मिनिटं, आणि त्यातच एका फळ्यापासून दुसऱ्यापर्यंत चालायचं. फॉर्मवर तीन रकाने होते: संदेशाची स्पष्टता, दृश्य मांडणी, स्पष्टीकरण. प्रत्येकी दहा गुण. परीक्षकही तीन: मी, संख्याशास्त्राच्या एक मॅडम आणि शेजारच्या जिल्ह्यातले एक प्राचार्य.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी दोन मीटरवर थांबायचं आणि मुलाला हाताने खूण करायची, अजून बोलू नकोस. तेवढ्या अंतरावरून अर्ध्या मिनिटात काय शोधलं ते कळतं का, एवढंच बघायचं. मग जवळ जाऊन पहिला प्रश्न: "एका वाक्यात सांग, काय सापडलं?" मग एखाद्या आकड्यावर बोट ठेवून: "हा कुठून आला?" आणि शेवटी: "तुझा निष्कर्ष चुकीचा आहे असं मी म्हटलं, तर मला ते सिद्ध करायला काय दाखवावं लागेल?" या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक मुलं मार्गदर्शकांना शोधायला लागतात.

आमच्याकडच्या पोस्टरांचे दोष पाठ झालेत. तीन बाय चार फुटांचं चकचकीत फ्लेक्स, त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका तक्त्यावर. वर दोन्ही कोपऱ्यांत बोधचिन्हं, मजकुरामागे शेताचा फिकट फोटो, त्यामुळे अक्षरं तुरीच्या फांद्यांत हरवलेली. प्रस्तावना डोळ्यांसमोर आणि निष्कर्ष गुडघ्याशी. साठीतल्या परीक्षकाने निष्कर्षासाठी वाकावं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे! प्रबंधातला तक्ता तसाच उचलून चिकटवलेला असतो तो वेगळाच. टी१ ते टी९ असे उपचार, खाली एसईएम आणि सीडी ही संख्याशास्त्रातली मापं, आणि निष्कर्षात "टी५ सर्वांत सरस". टी५ म्हणजे काय ते शोधायला पुन्हा वर 'साहित्य व पद्धती'मध्ये जायचं. शेतीतली पोस्टरं कोड वाचायला लावतात आणि मग लोक थांबत नाहीत म्हणून कुरकुरतात.

म्हणून एका मुलाच्या पोस्टरसमोर मी आधी खूश झालो. तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर कोणती फवारणी चालते, हा विषय. मध्यभागी गडद पट्ट्यावर एकच वाक्य, हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत: 'क्लोरँट्रानिलीप्रोलने तुरीचं सर्वाधिक उत्पादन'. पोस्टरच्या मधोमध निष्कर्ष मोठ्या अक्षरांत टाकण्याची ही ढब २०१९मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याच्या व्हिडिओमुळे जगभर पसरली. आपल्याकडे ती अजून कमीच दिसते. टी१, टी२ कुठे नाही, प्रत्येक औषधाचं नाव लिहिलेलं. फ्लेक्सही चकाकत नव्हतं. मांडणीला मी नऊ लिहिले.

वाक्याखाली आलेख होता, पहिल्या दोन औषधांचा. क्लोरँट्रानिलीप्रोलचा स्तंभ उंच, इमामेक्टिन बेंझोएटचा जेमतेम बोटभर. डोळ्यांना फरक सातपट वाटत होता. मी जवळ गेलो. उभा अक्ष शून्यापासून नव्हे, चौदा क्विंटलपासून सुरू होत होता. एकाचं उत्पादन हेक्टरी १४.८६ क्विंटल, दुसऱ्याचं १४.१२. चौदा वजा केल्यावर उरतात ०.८६ आणि ०.१२, आणि तेवढेच स्तंभ छापलेले. प्रत्यक्षात फरक पाऊण क्विंटलच्या आत, म्हणजे सुमारे पाच टक्के.

एवढ्यावर मी गुण कापले नसते. अक्ष कापलेला असला तरी आकडे खरे असतात, आणि त्याने ते स्तंभावर छापलेही होते. पण कोपऱ्यातल्या छोट्या तक्त्यात सीडी होती: १.१८. शेतीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. एकच उपचार तीन वेगवेगळ्या प्लॉटमध्ये दिला तरी उत्पादन सारखं येत नाही. जमीन, ओल, कडेचं झाड, सगळ्याचा परिणाम होतो. सीडी, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, ही त्या चढउतारावरून काढलेली हद्द. दोन उपचारांच्या सरासरीतला फरक तिच्यापेक्षा कमी असेल, तर तो औषधामुळे पडला की जमिनीमुळे, हे या प्रयोगातून सांगता येत नाही. मग आम्ही दोघांना समतुल्य म्हणतो. इथे फरक ०.७४ आणि हद्द १.१८. म्हणजे याच पोस्टरच्या आकड्यांवरून खरा संदेश असा: दोन्ही फवारण्या सारख्याच उपयोगी, जी स्वस्त पडेल ती घ्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो संदेश उलट जास्त कामाचा आहे!

"सीडी किती आहे?" मी विचारलं.

"एक पॉइंट अठरा, सर." ताडकन उत्तर.

"मग या दोघांत फरक आहे का?"

"आहे ना सर. चौदा पॉइंट शहाऐंशी आणि चौदा पॉइंट बारा."

"अक्ष चौदापासून का घेतला?"

तो जरा घुटमळला. "आमचे सर म्हणाले, फरक दिसला पाहिजे."

त्या मुलावर राग येत नाही. सीडी त्याने संगणकातून काढली, तक्त्यात लिहिली, आणि तिचा उपयोग काय हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. राग येतो तो अशा मार्गदर्शकांचा, जे पोस्टरच्या रंगांवर आठवडा घालवतात आणि निष्कर्षावर पाच मिनिटंही नाही.

शेवटच्या रांगेत कोकणातली एक मुलगी होती. आंब्यावरच्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे कोणत्या रंगाचे आणि किती उंचीवर लावावेत, हा प्रयोग. तिच्या पोस्टरमध्ये वर सांगितलेले सगळे दोष होते. टी१ ते टी९, हिरव्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं, निष्कर्ष गुडघ्याशी. दोन मीटरवरून काही म्हणजे काही कळलं नाही. तिने इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला अडखळली. मी म्हटलं, "मराठीत सांग." त्यावर प्राचार्यांच्या कपाळावर आठी पडली.

"सर, पिवळ्या सापळ्यात सगळ्यांत जास्त माश्या आल्या. पण त्यावरून फळं वाचली असं म्हणता येत नाही."

"का?"

"मिथाइल युजेनॉलला फक्त नर येतात. अंडी मादी घालते. थोडे नर उरले तरी ते बऱ्याच माद्यांना पुरतात. म्हणून सापळ्यातल्या माश्या मोजून भागत नाही, फळंच बघावी लागतात."

मग तिने वाकून पोस्टरच्या तळाशी असलेला एक फोटो दाखवला, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा. प्लास्टिकचा डबा, तळाला चाळलेली वाळू, वर आंबे, तोंडाला मलमलचं फडकं. प्रत्येक उपचाराच्या झाडांची फळं तिने अशी डब्यांत ठेवली होती. अळ्या पोसल्या की फळातून बाहेर पडून वाळूत शिरतात आणि तिथे कोष करतात. मग वाळू चाळायची आणि तांबूस, गव्हाच्या दाण्यासारखे कोष मोजायचे. सापळ्यांच्या रंगांत माश्यांचा फरक मोठा होता, डब्यांतल्या कोषांचा फरक सीडीच्या आत. "म्हणजे सर, रंग बदलून सापळा जास्त भरतो. आंबा जास्त वाचतो असं माझ्या प्रयोगात तरी दिसलं नाही."

शेवटचा प्रश्न मी विचारायच्या आतच तिने उत्तर दिलं होतं. संदेश तिच्या तोंडात होता, पोस्टरवर नव्हता. तिथे छापलं होतं, 'टी५ सर्वांत सरस'. मी विचारलं, मग हे का लिहिलंस? ती म्हणाली, "निष्कर्ष असाच लिहितात ना सर."

माझे गुण असे पडले. मुलाला स्पष्टता ५, मांडणी ९, स्पष्टीकरण ५, एकूण १९. मुलीला ७, ५ आणि १०, एकूण २२. मॅडमनी मुलाला २५ आणि मुलीला २६ दिले. मॅडम सगळ्यांनाच चोवीस ते सत्तावीसच्या मध्ये देतात, त्यांचा एक गुणाचा फरकही विचार करून दिलेला असतो. प्राचार्यांनी मुलाला २८ आणि मुलीला १७. बेरीज ७२ आणि ६५. मुलाला पहिलं बक्षीस.

तीनपैकी दोन परीक्षकांना मुलगी सरस वाटली होती, पण निकाल तिसऱ्याने लावला. त्यात लबाडी नाही. गुणांची नुसती बेरीज केली की ज्याच्या गुणांतलं अंतर सर्वांत जास्त, त्याचं वजन सर्वांत जास्त. मॅडमचा एक गुण आणि प्राचार्यांचे अकरा गुण एकाच पारड्यात पडतात. उपाय मॅडमनी तिथेच सांगितला: प्रत्येक परीक्षकाने आपापल्या गुणांवरून क्रम लावायचा आणि बेरीज क्रमांकांची करायची. या दोघांपुरता तोच हिशेब केला तर मुलीचे क्रमांक एक, एक, दोन, मिळून चार; मुलाचे दोन, दोन, एक, मिळून पाच. मात्र यात कुणाला किती जास्त आवडलं ते पुसलं जातं, आणि परीक्षकांनी पोस्टरं आपसांत वाटून घेतली असतील तर हे चालतच नाही. आमच्याकडे तिघांनी सगळी बघितली होती, म्हणजे करता आलं असतं.

मी प्राचार्यांना सीडीचं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "सर, मला पटतंय. पण फॉर्मवर अचूकता कुठे लिहिलीय? स्पष्टता लिहिलीय. त्याचा संदेश स्पष्ट आहे. आणि माध्यम इंग्रजी असताना तुम्ही तिला मराठीत बोलू दिलंत, तो बाकीच्यांवर अन्याय नाही का?"

दुसऱ्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे. स्पष्टीकरणाचे गुण समजावून सांगण्याचे आहेत, आणि समोरचे तिघेही मराठी होते. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी फॉर्म परत परत वाचतो. पोस्टरमधल्या आकड्यांतून न निघणाऱ्या वाक्याला 'स्पष्ट' म्हणून दहा द्यायचे का? मी पाच दिले, पण फॉर्म काढून दाखवा म्हटलं तर माझ्याकडे आधार नाही. तिथे मी माझा चौथा निकष पहिल्याच्या कपड्यांत आत आणला, असं प्राचार्य म्हणू शकतात आणि त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

परवा संयोजकांचा फोन आला, पुढच्या वर्षी याल ना. मी दोन गोष्टी मागितल्या: फॉर्मवर 'निष्कर्ष आकड्यांतून निघतो का' असा चौथा रकाना, आणि बेरजेआधी तिन्ही परीक्षकांना पंधरा मिनिटं एकत्र बसायला. रकाना लगेच मान्य झाला. पंधरा मिनिटांचं बघू म्हणाले, कारण प्रमाणपत्रं जेवणाच्या आधी छापून व्हावी लागतात.