बारावा हप्ता सराफाचा, पण घडणावळ कोणाची?

इंदूरच्या सराफ्यात आमच्या नेहमीच्या दुकानात भिशीसारखी योजना आहे: महिना 5,000 रुपये, अकरा हप्ते आपले. "भाभीजी, बारहवीं किस्त हमारी," असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. म्हणजे 55,000 भरून 60,000 चा दागिना.

वन्सं म्हणाल्या, नऊ टक्के सुटले. खरं तर त्याहून जास्त. पहिला हप्ता दुकानात बारा महिने राहतो, अकरावा जेमतेम दोन. सरासरी काढली तर पैसे सातच महिने अडकतात. सात महिन्यांत 55,000 वर 5,000 म्हणजे वर्षाला सरळ व्याजाने साडेपंधरा टक्के. आमच्या बँकेत आरडीला तेव्हा साडेसहा मिळत होते. एवढा फरक फुकट कोण देईल, म्हणून वर्ष भरत आल्यावर बिल करण्याआधी कच्चा हिशेब कागदावर मागितला.

मी निवडलेल्या नक्षीच्या कानातल्यांचं सोनं 51,100 चं, त्यावर घडणावळ 14 टक्के, म्हणजे सुमारे 7,150, आणि एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी. बरोबर 60,000. तेवढ्याच वजनाची, तशाच कामाची जोडी गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात 9 टक्के घडणावळीने होती. त्या दिवशीचा सोन्याचा भाव दोन्हीकडे एकच, त्यामुळे तिथे करासकट 57,370 झाले असते. म्हणजे 5,000 च्या बक्षिसातले 2,630 घडणावळीतच परत गेले. उरलेल्या 2,370 चा परतावा काढला तर साडेसात टक्क्यांच्याही आतच. आरडीपेक्षा थोडा बरा, पण आरडीचे पैसे घेऊन कुठल्याही दुकानात जाता येतं. इथे रोख परत मिळत नाही आणि वळंही चालत नाही, दागिनाच घ्यावा लागतो. शिवाय हे पैसे बँकेतल्या ठेवीसारखे विम्याने सुरक्षित नसतात. सराफ बुडाला तर आपण नुसते पैसे मागणाऱ्यांच्या रांगेत.

वर्षाच्या आत दागिना घ्या अशी दुकानाची घाई का, तेही तेव्हाच कळलं. कंपन्यांनी घ्यायच्या ठेवींबद्दलच्या 2014 च्या नियमांनुसार कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत मालात वळती झाली नाही, तर ती ठेव धरली जाते आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात.

मग कानातली परत ठेवली आणि साधी साखळी पाहिली. तिची घडणावळ दोन्ही दुकानांत 8 टक्केच निघाली, त्यामुळे बारावा हप्ता पुरता पदरात पडला. वन्संना नक्षी हवी होती. त्यांनी आपली योजना नक्षीतच मोडली, आणि त्यांना ती जोडी शोभतेही.