तुम्ही विचारलंत म्हणून: हार्डनेसच्या टायट्रेशनला बफर कशाला?

"ईडीटीएचा मॅग्नेशियमशी फॉर्मेशन कॉन्स्टंट एवढा मोठा आहे, मग पीएच १० चा बफर कशाला? नुसतं बोअरचं पाणी घेऊन टायट्रेट केलं तर?"

तो पुस्तकातला आकडा, मॅग्नेशियमसाठी साधारण ६२ कोटी, तो ईडीटीएच्या फक्त एका रूपासाठी आहे, ज्याचे सगळे प्रोटॉन निघून गेलेत आणि अंगावर चार ऋण भार आहेत. पण फ्लास्कमधलं सगळंच ईडीटीए त्या रूपात नसतं ना. पीएच १० ला जेमतेम ३० टक्के असतं आणि पीएच ७ ला दहा हजारात चार! बाकीच्यावर एकदोन प्रोटॉन चिकटलेले असतात, आणि धातूला ती जागा हवी असेल तर आधी प्रोटॉनला हुसकावून लावावं लागतं. चार ऋण भारवाल्या रूपाचा वाटा म्हणजे अल्फा, आणि त्याने पुस्तकातल्या आकड्याला गुणलं की येतो तो कंडिशनल फॉर्मेशन कॉन्स्टंट, म्हणजे त्या ठराविक पीएचला धातू आणि ईडीटीएची पकड प्रत्यक्षात किती ते.

आता गुणून बघा. पीएच १० ला मॅग्नेशियमचा कंडिशनल कॉन्स्टंट साधारण १९ कोटी येतो आणि पीएच ७ ला फक्त २.३ लाखाच्या आसपास. लाख पण मोठेच वाटतात, म्हणून एंड पॉइंटला काय होतं ते बघा: तिथे कॉम्प्लेक्स ०.००५ मोलर असेल तर पीएच १० ला हजारात एखादाच मॅग्नेशियम आयन मोकळा राहतो, आणि पीएच ७ ला शंभरात तीन. शंभरात तीन मोकळे म्हणजे इंडिकेटरचा रंग एका थेंबात पलटत नाही, जांभळट होत होत रेंगाळतो आणि तुम्ही नक्की कुठे थांबायचं ते कळत नाही. कॅल्शियमचं तसं नाही, त्याची पकड मुळातच सत्तरेक पट जास्त, पीएच ७ ला पण दीड-पावणेदोन कोटी उरते. म्हणजे टोटल हार्डनेसमध्ये पीएच वर न्यावा लागतो तो मुख्यतः मॅग्नेशियमसाठी.

मग पुढचा प्रश्न येतोच, की कॉस्टिक सोडा टाकून पीएच १० केला की झालं, बफरच का? कारण टायट्रेशन स्वतःच ॲसिड सोडतं. ब्युरेटमध्ये आपण भरतो ते डायसोडियम ईडीटीए, त्याच्यावर दोन प्रोटॉन असतात, आणि धातूला धरलं की ते सुटतात. समजा ५० मिली पाण्याला ०.०१ मोलर ईडीटीए १५ मिली लागलं. हार्डनेस आला कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात ३०० मिलीग्रॅम प्रति लिटर, आपल्याकडच्या बोअरला अगदी नेहमीचा आकडा. त्यात ०.१५ मिलीमोल ईडीटीए गेलं म्हणजे ०.३० मिलीमोल प्रोटॉन पाण्यात आले, आणि नुसता सोडा टाकून पीएच १० केलेल्या शुद्ध पाण्यात ५० मिलीमध्ये सोडा असतो ०.००५ मिलीमोल, तो पहिल्या काही थेंबातच संपतो. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते काही प्रोटॉन झेलतं हे खरं, पण त्याचा जोर साडेसहाच्या आसपास, आपल्याला हवा १० ला. म्हणून अमोनिया आणि अमोनियम क्लोराइड, त्यांची जोडी सव्वानऊच्या आसपास भक्कम असते आणि एक-दोन मिलीत एवढे प्रोटॉन सहज पचवते.

पीएच घसरला की इंडिकेटर पण फसवतो. एरिओक्रोम ब्लॅक टी धातूसोबत वाईन रेड आणि मोकळा झाला की निळा, पण हा निळा साधारण ७ ते ११ मध्येच. ६.३ च्या खाली तो धातू नसताना पण लालच असतो, म्हणजे कितीही ईडीटीए ओता, निळा येणारच नाही, आणि लोक म्हणतात हार्डनेस प्रचंड आहे!

उलट पीएच जितका वर तितकं चांगलं असंही नाही हां. १२ च्या वर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं, एकट्या कॅल्शियमच्या टायट्रेशनमध्ये हेच मुद्दाम करतात, पण टोटलमध्ये तो मॅग्नेशियम हातचा जातो. १० ला सुद्धा कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू बसायला लागतं, त्यामुळे बफर टाकल्यापासून ५ मिनिटांत टायट्रेशन उरकायचं. निळा झालेला रंग जरा वेळाने परत लालसर होत असेल तर बऱ्याचदा तो बसलेला कार्बोनेट परत विरघळतोय असं समजा, दुसरा सॅम्पल डिस्टिल्ड वॉटरने पातळ करून घ्या.

आणि बफरची बाटली. अमोनिया उडून जातो, बूच सैल राहिलं की महिन्याभरातच वास मंदावतो. वासावर विसंबू नका, सॅम्पलमध्ये १-२ मिली टाकून पीएच मीटर लावा, १० च्या जवळ येत नसेल तर ती बाटली ओतून नवीन बनवा.