स्टर्लिंग इंजिन, नोंद ७: बोअरला तीन कोपरे आहेत

पिस्टन का अडकतो, हे अखेर कळलं. बिडाचा सिलिंडर, बोअर म्हणजे आतलं भोक २५ मिमीचं, भिंत ४ मिमी. घरी बोअर गेज कसाही फिरवला तरी २५.०१० येत होतं. पिस्टन २४.९९८ चा, म्हणजे १२ मायक्रॉन मोकळीक असायला हवी. तरी हाताला घट्ट लागायचा.

वाळूज एमआयडीसीत मित्राकडे सीएमएम आहे, म्हणजे वस्तूला बिंदूबिंदूवर स्पर्श करून तिचा आकार मोजणारं यंत्र. मे महिन्यातल्या उन्हातून गाडीवर नेलेला सिलिंडर ४० अंशांवर असेल, तर २० अंशांच्या खोलीतही तो सहा मायक्रॉन मोठा दिसेल. म्हणून तो रात्रभर तिथेच ठेवला.

सकाळी आधी चार बिंदू घेतले. व्यास २५.०१०, गोलाईतली चूक एक मायक्रॉनच्या आत. मित्र म्हणाला, "हेच चार बिंदू ४५ अंश फिरवून घे." व्यास तोच आला, पण केंद्र ९ मायक्रॉन सरकलं. सिलिंडर तर जागचा हललाही नव्हता! बोअर तीन कोपऱ्यांचा असेल, तर समान अंतरावरच्या चार बिंदूंना तो आकार दिसत नाही. ते त्याला सरकलेलं केंद्र समजतात. समोरासमोरचे दोनच बिंदू मोजणाऱ्या बोअर गेजलाही तो दिसत नाही, कारण कोपऱ्यासमोर नेमका खोलगट भाग येतो आणि बेरीज सगळीकडे सारखीच राहते. तीन बिंदूंतून तर नेहमीच अचूक वर्तुळ निघतं, त्यामुळे गोलाई कळायचा प्रश्नच नाही.

मग २५ बिंदू घेतले आणि तीन उंचवटे स्पष्ट दिसले, गोलाईतली चूक ९ मायक्रॉन. माझ्या मनात लगेच सिलिंडर तीन बाजूंनी पकडणारा लेथचा तीन जॉचा चक आला. पण सीएमएमच्या टच ट्रिगर प्रोबचा स्टायलस, म्हणजे स्पर्श करणारी काडी, तीही आत तीन आधारांवर बसते, त्यामुळे प्रोब दिशेनुसार कमीजास्त दाबावर ट्रिगर होतो आणि स्वतःच तीन उंचवटे दाखवू शकतो. दोष कुणाचा, हे ठरवायला सिलिंडर ६० अंश फिरवून पुन्हा मोजला. उंचवटे सिलिंडरबरोबर फिरले, गोलाईतली चूक ७ आली. म्हणजे ८ मायक्रॉन माझ्या बोअरचे, एक मायक्रॉन प्रोबचा. २५ मिमीच्या अचूक गोल रिंग गेजवरही प्रोबची तेवढीच चूक दिसली, तेव्हा खात्री पटली.

अनिश्चितता मी अशी मांडली: पुनरावृत्ती ०.५, रिंग गेज ०.४, तापमान ०.३ मायक्रॉन. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर ०.७, आणि k = 2 धरून, म्हणजे दुप्पट करून, ±१.४. ही फक्त सरासरी व्यासाची. पिस्टनला मात्र आत मावणारं सर्वांत मोठं वर्तुळ भेटतं, ते निघालं २५.००२. ते मोजक्या उंच बिंदूंवर टेकतं, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास थोडा कमी. तरी खरी मोकळीक चार मायक्रॉनच्या आसपास, हे नक्की.

चकने पातळ भिंत तीन ठिकाणी दाबली, मी दाबलेल्या स्थितीत गोल बोअर केला आणि सोडल्यावर भिंत परत फुगली. नवा सिलिंडर फ्लँजवर बोल्ट लावून फेसप्लेटला बांधणार आहे, म्हणजे दाब आडवा न येता अक्षाच्या दिशेने येईल. बीड कापून ठेवलंय.