मार्को पोलोच्या अनुल्लेखांची वही: चहाची ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली

गेल्या नोंदीत ठरवलं होतं की मार्को पोलोचे सगळे ‘न सांगितलेले’ मुद्दे एका वहीत मांडायचे आणि एकेक तपासायचे. पाच आठवड्यांत चार मुद्दे झाले. वेग कमी आहे, पण एका मुद्द्यावर माझं मत दोनदा फिरलं, त्यामुळे घाई केली नाही हे बरंच झालं.

वाद आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पोलो चीनमध्ये सतरा वर्षं राहिलो म्हणतो, पण त्याच्या पुस्तकात चीनची भिंत नाही, चहा नाही, बायकांचे बांधलेले पाय नाहीत. चिनी कागदपत्रांत त्याचं नावही सापडत नाही. १९९५ साली फ्रान्सिस वूड यांनी यावरून प्रश्न केला की हा माणूस चीनला गेला तरी होता का. अनुल्लेखावरून काढलेल्या निष्कर्षाचं इतकं मोकळं उदाहरण दुसरं नाही, म्हणून हेच घेतलं.

वहीत प्रत्येक मुद्द्याला तीन रकाने केले. ती गोष्ट त्याच्या नजरेला पडणार होती का? पडली असती तर त्याने ती लिहिलीच असती का? आणि लिहिलेलं आपल्यापर्यंत पोचलंच असतं का? तिन्हीला ‘हो’ आलं, तरच मौनाला वजन.

भिंत पहिल्याच रकान्यात पडली. आज आपण फोटोत पाहतो ती विटा-दगडांची भिंत मिंग काळातली, मुख्यतः पंधराव्या-सोळाव्या शतकातली. पोलो तेराव्या शतकात तिथे होता. तेव्हा उत्तरेत जुन्या मातीच्या भिंतींचे पडके अवशेष होते, आणि मंगोल राज्य भिंतीच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्यांवर पहारा ठेवायचं कारणही नव्हतं. आपल्या डोळ्यांपुढचं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे होतं असं धरणं, ही चूक इथे सगळ्यात स्वच्छ दिसते.

पायांचा मुद्दा तिसऱ्या रकान्यात अडकला. पोलोने १२९८ साली जिनोव्हाच्या कैदेत सोबतचा कैदी असलेल्या रुस्तिकेल्लो या लेखकाला सांगितलेली मूळ प्रत उरलेली नाही. आज सुमारे १४० हस्तलिखितं आहेत आणि त्यांचा मजकूर एकमेकांशी जुळत नाही. १९३२ साली टोलेडोत एक लॅटिन हस्तलिखित सापडलं. त्यात असा मजकूर आहे, जो इतर बहुतेक प्रतींत नाही: उत्तर चीनमधल्या मुली इतक्या हळू चालतात की एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे अर्ध्या बोटापेक्षा जास्त जात नाही. तो कारण देतो कौमार्य जपण्याचं, पाय बांधण्याचं नाही. काही अभ्यासक यात बांधलेले पाय पाहतात. मला ते शक्य वाटतं, सिद्ध नाही. पण ‘पोलो गप्प आहे’ असं १९३१पर्यंत म्हणणारा माणूस खरं तर हाताशी असलेल्या प्रतींबद्दल बोलत होता, एवढं यातून नक्की होतं.

चहा मात्र सोपा नव्हता. आधी वाटलं, पोलो बहुतेक मंगोल दरबारात वावरला, तिथे घोडीच्या दुधाची कुमिस चालायची. म्हणून ओळ खोडली. मग आठवलं की तो स्वतः हांगझोऊचं लांबलचक वर्णन करतो, आणि त्या शहरातल्या चहाच्या दुकानांची वर्णनं चिनी लेखकांनी करून ठेवली आहेत. शिवाय इ.स. ८५१च्या एका अरबी वृत्तांतात चिनी लोक पाण्यात उकळून पितात त्या पाल्याचा आणि त्यावरच्या महसुलाचा उल्लेख आहे. म्हणजे परक्या माणसाला ती गोष्ट टिपण्याजोगी वाटू शकते. ओळ परत लिहिली.

यावर तोडगा म्हणून मी तुलनेची माणसं शोधली: ज्यांच्या चीनप्रवासावर कोणी शंका घेत नाही असे त्या काळचे युरोपीय. १३२०च्या दशकात तिथे गेलेला ओदोरिको आणि त्यानंतर वीसेक वर्षांनी खानबालिकला, म्हणजे आजच्या बीजिंगला, राहिलेला मारिन्योली. (हा ओदोरिको वाटेत आपल्या ठाण्याला उतरला होता. १३२१ साली तिथे मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंच्या अस्थी घेऊन तो चीनला गेला. ठाण्याचं नाव त्याच्या मजकुरात वाचताना मी बराच वेळ त्याच पानावर थांबलो होतो.) ओदोरिकोने बायकांच्या बांधलेल्या पायांची नोंद केली, पण चहा त्याच्याकडेही नाही आणि मारिन्योलीकडेही नाही. नक्की गेलेली माणसंही चहाबद्दल गप्प राहतात, तर त्याच मौनावरून पोलो गेला नव्हता असं म्हणता येत नाही. चहाचं वजन मी ‘शून्य’ न लिहिता ‘थोडं’ लिहिलंय, कारण हांगझोऊबद्दल इतकं तपशिलात लिहिणारा तो एकटाच आहे.

आता चिनी कागदपत्रांतलं मौन. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याने.

पोलो सांगतो की परतीच्या वाटेवर तो इराणच्या अर्घून खानाकडे निघालेल्या तीन दूतांसोबत होता. त्यांची नावं तो उलाताय, आपुस्का आणि कोजा अशी देतो. १९४१ साली यांग झिजिऊ या चिनी इतिहासकाराला योंगलं विश्वकोशात १२९०चा एक सरकारी कागद सापडला. विषय अगदी रुक्ष, प्रवासातल्या शिध्याचा. तीन दूत माबारच्या, म्हणजे आपल्या तामिळ किनाऱ्याच्या, वाटेने अर्घूनकडे निघाले आहेत; सोबत १६० माणसं; त्यांतल्या ९० जणांचा शिधा मंजूर आहे, उरलेले ७० भेट मिळालेले किंवा विकत घेतलेले, त्यांना शिधा देऊ नये. दूतांची नावं: वुलुदाई, आबिशिहा, हुओझे. चिनी उच्चारातून गेलेली तीच तीन नावं, त्याच क्रमाने.

पोलोचं नाव त्यात नाही. इथे कोणी म्हणेल, बघा, इथेही नाही. पण हा कागद फक्त तिघा दूतांचीच नावं देतो. बाकी सगळ्यांबद्दल तो गप्प आहे, म्हणून एकट्या पोलोबद्दलच्या मौनाला काही किंमत नाही. उलट दूतांची नावं युरोपात कोणत्याही ग्रंथात मिळण्यासारखी नव्हती, त्यामुळे ती जुळणं फार वजनदार आहे.

आणि हा कागद वाचलाच कसा, तेही वहीत लिहिलंय. १४०८मध्ये पूर्ण झालेल्या त्या विश्वकोशाचे ११,०९५ खंड होते. आज सुमारे ४०० उरलेत, म्हणजे शंभरातले चारही नाहीत. हा मजकूर हरवलेल्या खंडांत असता, तर दूतांबद्दलही आपण ‘चिनी पुरावा नाही’ असंच म्हटलं असतं.

एका ठिकाणी मौन खरंच बोलतं. काही प्रतींत पोलो यांगझोऊवर तीन वर्षं राज्यकारभार केल्याचं म्हणतो. यांगझोऊच्या स्थानिक इतिहासांत अधिकाऱ्यांच्या याद्या आहेत आणि त्यांत तो नाही. यादीचं कामच नावं ठेवणं, आणि ती टिकलीही आहे. म्हणून तिन्ही रकान्यांत ‘हो’. तो शहराचा मुख्य अधिकारी होता हे मी मानत नाही. पण ‘तो यांगझोऊला नव्हता’ हे याद्यांवरून निघत नाही. दुय्यम हुद्द्यावर असता तर त्याचं नाव तिथे येण्याचं कारणच नव्हतं.

पुढचे दोन आठवडे मिठाच्या महसुलाला देणार. पोलो या बाबतीत बरंच बोलतो आणि चिनी आकडेही उपलब्ध आहेत. चहाच्या ओळीसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवलंय. ओदोरिकोचं हांगझोऊचं प्रकरण दुसऱ्या भाषांतरातून वाचल्याशिवाय ते पुसणार नाही.