मेल केला की मेल केली?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा आटोपला की पुढची बोलणी सगळी मोबाइलवर. "पावती व्हॉट्सॲपला टाका", "बिलाची एक झेरॉक्स मारून ठेवा", "पार्टीला फोन लावा, नाही उचलला तर मेसेज सोडा." साताऱ्याकडचा एखादा जुना कारकून मेल अजूनही 'धाडतो'. नामं बहुतेक परकी, पण त्यांना हाकणारी क्रियापदं घरची: टाकणे, मारणे, लावणे, सोडणे, धाडणे. आणि ती उगाच नाहीत. झेरॉक्स काढतात तेव्हा निवांतपणा असतो, मारतात तेव्हा गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत असतं.

हीच मंडळी लेटरहेडवर लिहायला बसली की ही सगळी क्रियापदं गायब होतात आणि एकटं 'करणे' उरतं. मेल करणे, मेसेज करणे, कन्फर्म करणे. मग कुणाला तरी शंका येते: 'यादी मेल केली' असं औपचारिक पत्रात चालतं का? चालतं की. पण कुठे चालतं आणि कुठे अंगलट येतं, हे कळायला त्या वाक्यात 'मेल' नेमकं काय काम करतोय ते बघावं लागतं.

इंग्रजीला हा प्रश्न तसा सोपा आहे. तिथे नाम उचलून क्रियापदाच्या जागी ठेवलं की झालं, प्रत्यय लागत नाही. नाराजी मात्र तिथेही जुनीच आहे. बेंजामिन फ्रँकलिनने डिसेंबर १७८९ मध्ये कोशकार नोआ वेबस्टरला लिहिलेल्या पत्रात 'नोटीस', 'ॲडव्होकेट' आणि 'प्रोग्रेस' या नामांची लोक क्रियापदं करतात अशी तक्रार केली होती. आज त्या तिन्हींवर इंग्रजीचा कुठलाही शिक्षक लाल शाई ओढणार नाही. मोबाइलवरचा पहिला लघुसंदेश १९९२ च्या डिसेंबरात गेला. त्यानंतर 'टेक्स्ट'ही तिकडे क्रियापद झालं आणि शब्दकोशात जाऊन बसलं.

मराठीलाही नामांची क्रियापदं करायचं वावडं नाही. व्याकरणात त्यांना नामधातू म्हणतात. लाजवरून लाजणे, रंगवरून रंगणे, हातावरून हाताळणे, पाण्यावरून पाणावणे. फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांनाही आपण सोडलं नाही. खर्चवरून खर्चणे केलं, बदलवरून बदलणे. मग 'मेलणे' आणि 'मेसेजणे' का झालं नाही?

भूतकाळ करून बघा. 'मी त्याला मेलला.' वाचणारा दचकतोच, कारण मरणेचा भूतकाळ 'मेला' शेजारीच उभा आहे. मेलचं हे दुर्दैव म्हणून सोडून देऊ, पण मेसेज घ्या. 'मेसेजला' म्हणजे मेसेज पाठवला की मेसेजला उत्तर द्यायचंय? भूतकाळाचा 'ला' आणि चतुर्थीचा 'ला' इथे एकाच रूपात येतात. जुन्या नामांत ही टक्कर होत नाही, कारण विभक्ती लागण्याआधी त्यांचं सामान्यरूप होतं. खर्चाला आणि खर्चला वेगळे, रंगाला आणि रंगला वेगळे, लाजेला आणि लाजला वेगळे. अलीकडच्या इंग्रजी शब्दांचं सामान्यरूप आपण बहुधा करत नाही. 'फोनाला' कोण म्हणतं? 'फोनला' म्हणतो. म्हणून 'गुगलून बघ' इथपर्यंत गंमत म्हणून चालतं, पण 'त्याने तो शब्द गुगलला' लिहिलं की वाक्य अडखळतं. या अडचणीत 'करणे' फार सोयीचं पडतं. नामाला हात न लावता काळ, लिंग, वचन सगळं ते स्वतःच्या अंगावर घेतं.

आता खरी मेख. 'त्याने मला मेल केला.' इथे मेल हे नाम आहे, कर्म आहे, आणि 'केला' त्याच्या लिंगाप्रमाणे चालतो. 'त्याने मला यादी मेल केली.' इथे 'केली' यादीच्या मागे गेली. मेलने आपलं लिंग सोडलं आणि तो 'करणे'ला चिकटून अर्धं क्रियापद झाला. पत्रक असेल तर 'पत्रक मेल केलं', दर असतील तर 'दर मेल केले'. नामाचं क्रियापद झालं की नाही याची मराठीतली कसोटी हीच: क्रियापद कुणाच्या लिंगाने चालतंय ते बघा.

ही उडी सगळ्याच नामांना जमत नाही. खर्चला जमली आहे. 'पाचशे रुपयांचा खर्च केला' आणि 'पाचशे रुपये खर्च केले' दोन्ही बरोबर, आणि वर 'पाचशे रुपये खर्चले' आहेच. अभ्यासला जमली नाही. धड्याचा अभ्यास करतात किंवा धडा अभ्यासतात, 'धडा अभ्यास केला' कुणी म्हणत नाही. फोनलाही नाही; तारीख फोन करता येत नाही, फोनवर सांगावी लागते. मेल आणि व्हॉट्सॲप मात्र पार खर्चच्या पंगतीला जाऊन बसलेत. 'पावती व्हॉट्सॲप केली' हे आता कुणाच्याही कानाला खटकत नाही. म्हणजे व्याकरणाच्या बाजूने आक्षेपाला जागा नाही. खर्चला चालतं ते मेललाही चालायला हवं.

चूक होते ती दुसरीकडे. लिहिणाऱ्याला मेलचं लिंग ठरवता येत नाही, मग तो नपुंसकलिंगाचा आसरा घेतो: 'आपणांस मेल करण्यात आले आहे.' काय करण्यात आले? मेल पुल्लिंगी धरला तर 'आला' हवं. आणि तो पुल्लिंगीच धरावा, फोन, मेसेज, निरोप यांच्या रांगेत. स्त्रीलिंगी मेल ही रुळांवरची, ती गाडी असते. शिवाय पत्राचा मेल स्त्रीलिंगी केला तर अनेकवचन 'मेली' होईल, आणि 'आपल्या चार मेली मिळाल्या' असं लिहायची हिंमत कुठल्या मॅनेजरला होईल असं वाटत नाही.

गंमत अशी की 'यादी मेल केली'वर नाक मुरडणारे साहेब उलट्या दिशेने मात्र बिनधास्त जातात. धडधाकट क्रियापद मोडून त्याचं नाम करायचं आणि त्याला पुन्हा 'करणे' जोडायचं. 'अर्ज तपासला' म्हणायच्या ऐवजी 'अर्जाची तपासणी करण्यात आली'. 'कळवले'च्या जागी 'कळविण्याची कार्यवाही करण्यात आली'. यात तपासलं कुणी हेच हरवतं. औपचारिक मराठीचं जास्त नुकसान या सवयीने होतं, आणि त्यात इंग्रजी शब्द एकही नसतो.

तरीही एका ठिकाणी मी 'मेल केला' खोडून 'ईमेलने पाठवला' लिहीन: जिथे तारखेवर पैसे अवलंबून आहेत तिथे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचं कलम १३ पाठवणं आणि मिळणं या दोन घटना वेगळ्या मोजतं. वेगळं काही ठरलेलं नसेल तर पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक यंत्रणेत संदेश शिरला की तो पाठवला गेला. मिळणाऱ्याने एखादा पत्ता नेमून दिला असेल तर तिथे संदेश पोहोचला की तो मिळाला. पण नेमलेला पत्ता सोडून त्याच्या दुसऱ्याच पत्त्यावर पाठवला, तर त्याने तो उघडून घेतला तेव्हाच मिळाला असं धरतात. 'मेल केला' या दोन शब्दांत यातलं फार तर पाठवणं येतं. पत्ता कुठला हे विचारायची आठवणच ते शब्द देत नाहीत. 'पाठवला' लिहिलं की कुठे, कशाने, केव्हा हे प्रश्न आपोआप पुढे येतात आणि हात तिकडे वळतो. 'मेसेज केला'चं तर त्याहून अवघड, कारण तो एसएमएस होता की व्हॉट्सॲप हेही कळत नाही.

समजा, एका व्यापाऱ्याने बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला असं पत्र लिहिलं:

'नमुना क्र. ३ चे दर आपणांस दि. ४ रोजी मेल केले होते. तसेच मेसेजही करण्यात आले होते. आपण कन्फर्म न केल्याने माल होल्ड करण्यात आला आहे.'

पहिलं वाक्य व्याकरणात चोख आहे, 'केले' दरांबरोबर चाललंय. फक्त पत्ता नाही. दुसऱ्यातला 'आले' संशयास्पद आहे. मेसेज अनेक गेले म्हणून अनेकवचन, की एकच गेला आणि लिंग सुचलं नाही म्हणून नपुंसकलिंग? भांडण झालं तर समोरचा हेच पकडेल. तिसऱ्या वाक्यात 'कन्फर्म' आणि 'होल्ड' दोघांनीही घोळ घातलाय. कन्फर्म काय करायचं होतं, दर, पोती की तारीख? आणि माल होल्ड म्हणजे त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलाय, की त्यांना पाठवायचं थांबवून दुसऱ्याला विकायला मोकळा केलाय? या दोन अर्थांत पन्नास पोती हळदीचा फरक आहे. हेच पत्र असं होईल:

'नमुना क्र. ३ च्या ५० पोत्यांचे दर दि. ४ रोजी आपण सौदापत्रात दिलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवले. त्याच दिवशी आपल्या मोबाइलवर एक एसएमएसही पाठवला. दर मान्य असल्याचे आपण दि. ७ पर्यंत कळवले नाही. माल आमच्या गोदामात आपल्यासाठी दि. १० पर्यंत राखून ठेवला आहे.'

ईमेल आहे, एसएमएस आहे, मोबाइल आहे. त्यातला एकही शब्द काढायची गरज पडली नाही. 'विपत्र' लिहून गिऱ्हाइकाला कोड्यात टाकायचीही नाही. बदललं ते क्रियापद. पाठवणे, कळवणे, राखून ठेवणे ही क्रियापदं काय, कुणाला, कधीपर्यंत असं विचारत राहतात. कन्फर्म करणे आणि होल्ड करणे काहीच न विचारता पुढे जातात.

ऑफिसातल्या ऑफिसात मात्र इतकं ताणायचं कारण नाही. 'कालचा तक्ता मेल करा' अशी चिठ्ठी शेजारच्या टेबलाला लिहिली तर ती मराठीच आहे आणि पुरेशी आहे. जावक रजिस्टरात तर क्रियापदाचीही गरज पडत नाही. टपाल, कुरिअर, हातपोच या रांगेत 'ईमेल' एवढं नाम लिहायचं, शेजारी पाठवल्याची वेळ आणि ज्या पत्त्यावर गेला तो पत्ता. मेल परत आला तर त्याच ओळीत लाल शाईने तसा शेरा मारायचा आणि कागद पोस्टाने रवाना करायचा.