किचन लाइन बुधवारी, बाथरूम लाइन शुक्रवारी

सोसायटीची सचिव म्हणून मी बऱ्याच नोटिसा लावल्या आहेत. त्यातल्या बहुतेक लिफ्टमध्ये उभं राहून कोणी वाचत नाही. रायझर, म्हणजे पाण्याच्या उभ्या लाइनी, बदलायची नोटीस मात्र लोकांनी फोटो काढून घरी नेली. त्याचं कारण एवढंच, की तिच्यात ‘अमुक दिवस पाणी बंद’ असं लिहिलं नव्हतं. कुठल्या दिवशी घरातला कुठला नळ बंद राहणार आणि कुठला चालू, ते लिहिलं होतं.

आमची इमारत सात मजली. गच्चीवरच्या टाक्यांतून खाली उतरणाऱ्या उभ्या लाइनी प्रत्येक घराला तीन ठिकाणी पाणी देतात: स्वयंपाकघर, बाथरूम आणि फ्लश. तिन्ही वेगळ्या डक्टमधून येतात, गच्चीवर तिघींचे व्हॉल्व्ह वेगळे. म्हणजे किचनची लाइन बंद असताना बाथरूममध्ये पाणी असतंच. मिस्त्रींचं म्हणणं होतं, ‘मॅडम, सरळ चार दिवस बंद लिहा, आम्हाला मोकळीक मिळते.’ पण चार दिवस बंद असं वाचलं की लोक पिंपं भरून ठेवतात, आदल्या रात्रीच टाकी रिकामी होते आणि ज्यांचा नळ चालू राहणार होता त्यांनाही पाणी मिळत नाही. म्हणून वेळापत्रक लाइनीप्रमाणे: बुधवारी किचन, शुक्रवारी बाथरूम, रविवारी फ्लश, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मधला एक दिवस मुद्दाम रिकामा, गळती निघाली तर तिच्यासाठी.

पाइप बदलायची वेळ आली हे वरच्या मजल्यांनी आधी सांगितलं. सातव्या मजल्यावरच्या नळापासून टाकीची उंची जेमतेम तीन मीटर, म्हणजे दाब दर चौरस सेंटीमीटरला पाव किलोच्या थोडा वर. तळमजल्यावर तोच दोन किलोच्या वर जातो. पाइपच्या आत गंज चढला की पाण्याची वाट अडते, आणि ज्यांच्याकडे दाब मुळातच कमी त्यांची धार आधी बारीक होते. खालच्यांना ‘आमच्याकडे तर व्यवस्थित येतं’ असं वाटत राहतं. सभेत हा वाद फार ताणला नाही, कारण मिस्त्रींनी गळक्या जागेचा कापलेला तुकडा मी टेबलावर उभा करून ठेवला होता. दोन इंची जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, बाहेरून रंग लावलेला, चकचकीत. आत तपकिरी गाठी एकमेकींना टेकलेल्या, आणि मधून अंगठा जाईल एवढंच भोक. तुकड्याच्या टोकाला, जिथे आटे पाडलेले असतात, तिथे पत्रा कागदासारखा झाला होता. आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो आणि पाइपची जाडीही कमी होते, त्यामुळे जीआय लाइन बहुतेक वेळा जोडाजवळच फुटते. पितळी व्हॉल्व्ह जिथे थेट जीआयला लावलेला असतो तिथे तर आणखी लवकर, कारण दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आले की लोखंड झिजतं.

नवी लाइन सीपीव्हीसी या प्लास्टिकची ठरली. खरं मोठं काम पाणी चालू असतानाच झालं: जुन्या पाइपला हात न लावता डक्टमध्ये त्याच्या शेजारी नवी उभी लाइन क्लॅम्पवर चढवली, टोकं बंद केली, आणि हातपंपाने साडेतीन किलोपर्यंत दाब भरून गेजचा काटा हलत नाही ना ते पाहिलं. बंदच्या दिवशी फक्त प्रत्येक घराची ब्रँच जुन्या लाइनीवरून काढून नव्या लाइनीवर जोडायची होती. एका दिवसात एक लाइन पुरी होते ती यामुळेच. जुनी लाइन आधी काढून मग नवी घालायची म्हटलं असतं तर मिस्त्रींचे चार दिवस खरे ठरले असते.

नोटिशीत तयारीच्या सूचना थोड्याच होत्या, पण प्रत्येकीपुढे कारण लिहिलं होतं, कारण कारणाशिवाय दिलेली सूचना कोणी पाळत नाही. पहिली: ‘बंद लाइनीचे सर्व नळ बंद ठेवा, बाहेर जाताना पुन्हा तपासा.’ माणूस नळ उघडतो, पाणी येत नाही, तसाच सोडून कामावर जातो. संध्याकाळी लाइन सुरू झाली की पाणी थेट दिवाणखान्यात. कुलूपबंद घरांच्या मालकांना यासाठी मी वेगळे फोन केले. दुसरी: ‘बाथरूम लाइनीच्या दिवशी गिझर भिंतीवरच्या स्विचपासून बंद.’ लाइन खाली रिकामी होताना गिझरमधलं पाणीही तिच्यामागून ओढलं जाऊ शकतं, आणि कोरड्या टाकीत कॉइल चालू राहिली तर जळते. तिसरी सूचना लोकांना विचित्र वाटली: इलेक्ट्रिशियन येऊन अर्थिंग तपासेल, त्याला घरात घ्या. जुन्या इमारतींत कोणीतरी कधीतरी अर्थिंगची हिरवी वायर पाण्याच्या पाइपलाच बांधलेली असते. पाइप प्लास्टिकचा झाला की त्या घराची अर्थिंग गेली, आणि दिवे-पंखे तसेच चालत असल्याने कोणाला कळतही नाही. आमच्याकडे तळमजल्यावरच्या दोन घरांत अशा वायरी निघाल्या. त्या मूळ अर्थिंगला जोडून घेतल्यावरच मी काम सुरू करायला होकार दिला.

बुधवारी सकाळी नऊला मिस्त्रींनी गच्चीवरचा किचनचा व्हॉल्व्ह बंद केला आणि लाइन रिकामी करायचा तळाचा वॉशआऊट उघडला. एवढ्या उंचीच्या दोन इंची पाइपमध्ये पन्नास लिटरच्या आसपास पाणी मावतं, तीन-चार बादल्या. तेवढं आलं की धार थांबायला हवी. गंजाने भोक अरुंद झालेलं, म्हणजे त्याहूनही कमी. पण धार थांबेना. बादल्या गटारात ओतून पोऱ्या थकला, तरी करंगळीएवढी धार चालूच.

पंधरवड्यापूर्वी आम्ही लाइन थोडा वेळ बंद करून पाहिली होती, तेव्हाही खालच्या मजल्यांवर अशीच बारीक धार राहिली होती. तेव्हा मिस्त्रींनी जुन्या गेट व्हॉल्व्हला दोष दिला, आणि तो अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. जुने गेट व्हॉल्व्ह चाक पूर्ण फिरवलं तरी पाणी सोडत राहतात. त्यांनी तिथे नवा बॉल व्हॉल्व्ह बसवला होता. त्यामुळे आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं. गच्चीवर व्हॉल्व्हच्या खालचं युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, त्यांनी उघडलं. आत कोरडं. वरून एक थेंब येत नव्हता, आणि तळाला पाणी वाहत होतं.

‘मॅडम, पाणी मधूनच कुठूनतरी येतंय,’ ते म्हणाले आणि डक्टमध्ये उतरले. प्रत्येक मजल्यावरच्या ब्रँचला कान लावत गेले. किचनचे सगळे नळ बंद, त्यामुळे ब्रँच गप्प असायला हवी. चौथ्या मजल्यावर हात वर करून त्यांनी मला बोलावलं. मीही कान लावला: आत सळसळ स्पष्ट ऐकू येत होती. हात लावल्यावर ती ब्रँच शेजारच्या पाइपपेक्षा गार लागत होती आणि किंचित थरथरत होती. पाणी लाइनीकडून घरात जायचं, ते इथे घरातून लाइनीकडे येत होतं.

खात्रीसाठी गच्चीवर बाथरूमचा व्हॉल्व्ह काही मिनिटं बंद केला. चौथ्याच्या वरचं पाणी उतरून गेलं आणि तळाची धार थांबली. पुन्हा उघडला, पुन्हा सुरू.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, ‘अहो, आमच्याकडे तर किचनला पाणी आहे!’ नूतनीकरणाच्या वेळी कंत्राटदाराने भिंतीत किचन आणि बाथरूमच्या लाइनी एकमेकींना जोडून दिल्या होत्या, किचनला धार चांगली येईल म्हणून. मध्ये व्हॉल्व्ह नाही, वरून टाइल. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं आणि त्यांच्यावर चिडून उपयोगही नव्हता. पण एका घरातल्या त्या फूटभर जोडामुळे इमारतीची किचन किंवा बाथरूमची लाइन एकटी बंद होत नव्हती. बाथरूमची चालू लाइन त्या घरातून किचनच्या बंद लाइनीत उतरत होती. दोन्हीचं पाणी एकाच टाकीतलं, हे नशीब. आमच्या फ्लशला बोअरिंगचं पाणी आहे; जोड तिच्याशी असता तर ते सगळ्यांच्या माठात पोचलं असतं.

टाइल फोडायला त्या दिवशी वेळ नव्हता. मिस्त्रींनी चौथ्याची ब्रँच डक्टमध्ये भिंतीलगत कापली आणि घराकडच्या टोकाला प्लग मारला. जुन्या लाइनीत येणारं पाणी बंद झालं, तळ कोरडा पडला. बाकीच्या ब्रँच एकेक करून नव्या लाइनीवर गेल्या. काकूंचं किचन त्या दिवशी बाथरूमच्या पाण्यावर चाललं. बंदच्या वेळेत चालू राहिलेलं इमारतीतलं ते एकच किचन, यावर खाली बरीच थट्टा झाली. दीड-दोन तास गेले होते, म्हणून वेळ सहाऐवजी आठ झाल्याचं मी प्रत्येक मजल्यावर स्वतः जाऊन सांगितलं. शेवटचा जोड पाचला झाला, आणि पाइप चिकटवायच्या सिमेंटच्या डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ मी कमी करू दिला नाही. ओल्या जोडावर दाब आला की तो त्या दिवशी गळला नाही, तरी पुढे गळू शकतो.

आठला व्हॉल्व्ह पाव भागच उघडला. सातव्या मजल्यावरच्या एका घरात नळ उघडा ठेवला होता. आधी फुसफुस हवा, मग थुंकत थुंकत पाणी, मग सलग धार. हवा अशी वरून काढली नाही तर ती लाइनीत अडकून बसते आणि नव्या पाइपालाही दाब नसल्याची तक्रार येते. नोटिशीत होतं, की पहिलं पाणी सिंकच्या नळाची जाळी काढून सोडा, स्वच्छ आल्यावरच प्युरिफायरचा कॉक उघडा. उभी लाइन नवी झाली तरी घरातल्या भिंतीत जुना जीआयच आहे, आणि पाणी बंद-चालू झालं की त्याच्या आतल्या गंजाचे पापुद्रे सुटतात. दुसऱ्या मजल्यावर एकांनी जाळी तशीच ठेवली. ती विटकरी कणांनी गच्च भरली आणि ‘नव्या पाइपला पाणीच नाही’ म्हणत ते खाली आले. मिस्त्रींनी जाळी काढून त्यांच्या हातात ठेवली.

गुरुवारी चौथ्या मजल्यावरची टाइल फुटली, जोड निघाला, आणि काकूंच्या किचनची ब्रँच स्वतंत्रपणे नव्या लाइनीवर गेली. त्याच संध्याकाळी बाथरूमच्या नोटिशीत मी एक ओळ वाढवली: ‘आपल्या घरात नूतनीकरण करताना दोन लाइनी जोडल्या असतील, किंवा तशी शंका असेल, तर आज रात्री नऊपर्यंत सचिवांना कळवावे. विचारणा होणार नाही, फक्त मिस्त्री येऊन पाहतील.’ नऊपर्यंत दोन फोन आले. एक सहाव्या मजल्यावरून, दुसरा आमच्याच कमिटीच्या खजिनदारांचा.